काजूचा हंगाम संपला तरी ३५ टक्क्यांचं चलन डोंगराएवढं. हे असंच असतं का?

बोंडू
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. बी घ्यायची, फोडायची, गर विकायचा. उलाढाल पाच कोटींच्या आसपासही नाही, त्यामुळे जीएसटीचं रिटर्न तिमाही आणि कर महिन्याला, त्या क्यूआरएमपीत आहोत.

माझी अडचण अशी. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत आसपासच्या शेतकऱ्यांकडून ४० लाखांची बी घेतली. शेतकऱ्याच्या बीवर रिव्हर्स चार्ज, म्हणजे कर विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा. ५ टक्क्यांनी २ लाख मलाच भरायचे, तेही रोखच. ते जुलैत थ्रीबी रिटर्न भरेपर्यंत भरून झाले. त्या तिमाहीत गर विकला १० लाखांचा, त्याचे ५० हजार त्याच २ लाखांच्या क्रेडिटमधून वळते झाले. म्हणजे दीड लाखाचं क्रेडिट शिल्लक. डबे-खोक्यांचं क्रेडिट किरकोळ आहे, ते सोडून देतो.

पुढे ऑगस्टात पोर्टलवर जुलैचं चलन काढायला गेलो तर ७० हजार तयारच लिहून आलेले. खोडताही येत नाहीत. गणपती तोंडावर, सोलणाऱ्या बायकांना उचल द्यायची होती, तरी पतपेढीच्या सीसी कर्जातून काढून भरले. सप्टेंबरात परत ७० हजार. आज जुलै-सप्टेंबरची थ्रीबी भरायला बसलो. विक्री जुलैत ७ लाख, ऑगस्टात ९, सप्टेंबरात १०. एकूण कर १ लाख ३० हजार, तो सगळा क्रेडिटमधून गेला. माझे १ लाख ४० हजार कॅश लेजरमध्ये जसेच्या तसे पडून आहेत आणि मी पतपेढीला व्याज मोजतोय.

अकाउंटंट म्हणतात, "राहू दे, पुढे वापरू." प्रश्न एवढाच, की हे भरायला हवे होते का?

दर्यावर्दी
सरकारच्या गोलकात पैसे टाकलंस, आता गोलक फोडूक दिवाळीची वाट बघ 😄

फणस_काका
भरायलाच हवे होते. तिमाही योजना घेतली की मागच्या तिमाहीच्या ३५ टक्के दर महिन्याला भरणं आलंच. १ जानेवारी २०२१ पासून हेच चाललंय. आणि २५ तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी. अकाउंटंटने योग्यच केलं म्हणायचं.

खारा_वारा
काका, मी गुहागरला होमस्टे चालवतो आणि पावसाळ्यात ३५ टक्के कधीच भरत नाही. मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, जुलैत माझ्याकडे फक्त कुत्रा आणि मी. एप्रिल-जूनचा कर रोख ६० हजार गेला होता, त्याचे ३५ टक्के म्हणजे २१ हजार. जुलैची खरी विक्री ४० हजारांची, कर २ हजार. मी स्वतः हिशेब करून २ हजारच भरतो. चलनाच्या पानावर कारण निवडताना Monthly Payment for Quarterly Taxpayer घेतलं की खाली दोन पर्याय येतात, 35% Challan आणि Challan on self-assessment basis. दुसरा घ्यायचा, रक्कम आपण लिहायची. एवढं सोपं आहे.

जमाखर्च
खारा_वारा यांचं बरोबर आहे, पण बोंडू यांची गोष्ट त्याच्याही पुढची आहे. त्यांना दुसरा पर्याय घेऊन २ हजारसुद्धा भरायचे नव्हते. काहीच भरायचं नव्हतं.

आधी ७० हजार आले कुठून ते बघा. पोर्टल तुमची विक्री बघत नाही, शिल्लक क्रेडिटही बघत नाही. मागच्या तिमाहीच्या थ्रीबीत कॅश लेजरमधून किती कर गेला, तेवढंच बघतं आणि त्याचे ३५ टक्के काढतं. काजूवाल्यांच्या बाबतीत नेमकं इथेच गणित उलटं पडतं. एप्रिल-जूनमध्ये रोख गेलेले २ लाख हा विक्रीवरचा कर नव्हताच, तो बीवरचा रिव्हर्स चार्ज होता. तो रोख भरला त्याच रिटर्नात त्याचं क्रेडिटही मिळालं. म्हणजे जितका रोख कर जास्त, तितकी पुढच्या तिमाहीत खरी गरज कमी. आणि पोर्टल मात्र उलट समजतं, की हा माणूस बराच रोख भरतो, याच्याकडून ७० हजार घ्या.

आता नियम. पहिल्या महिन्यात, म्हणजे जुलैत, त्या महिन्याचा कर भागेल एवढी शिल्लक कॅश किंवा क्रेडिट लेजरमध्ये असेल, तर काहीही जमा करायचं नाही. दुसऱ्या महिन्यात दोन्ही महिन्यांचा मिळून कर धरायचा. तुमचा जुलैचा कर ३५ हजार, क्रेडिट दीड लाख. सुटलात. जुलै-ऑगस्ट मिळून ८० हजार, क्रेडिट तेच दीड लाख, कारण थ्रीबी भरेपर्यंत त्यातून काही वजा होत नाही. पुन्हा सुटलात. दोन्ही वेळा चलन काढायचीच गरज नव्हती.

बोंडू
म्हणजे पतपेढीचं व्याज फुकटच गेलं म्हणा की. साहेब, मग ३५ टक्केवाला आकडा खोडता का येत नाही?

जमाखर्च
साहेब नाही, ताई म्हणा. चिपळूणला बसते मी.

खोडता येत नाही कारण ती रक्कम ठरलेली, आणि ती वेळेत भरली की सरकार तुम्हाला विचारत नाही की खरा कर किती होता. तुमचा कर तिप्पट निघाला तरी त्या महिन्यांचं व्याज लागत नाही, फक्त तिमाहीची थ्रीबी वेळेत गेली पाहिजे. आपल्याकडे महाराष्ट्रात ती २२ तारीख. त्या सवलतीची ती किंमत आहे. स्वतः हिशेब करून भरलंत आणि कमी पडलं, तर जेवढं कमी पडलं त्यावर १८ टक्के दराने व्याज.

फणस_काका, लेट फीचं मात्र तुम्ही थ्रीबीशी मिसळलंत. महिन्याच्या चलनाला लेट फी नाही, फक्त व्याज.

खारा_वारा
याला माझी साक्ष. एका नोव्हेंबरचं १८ हजारांचं चलन मी २५ डिसेंबरला भरायला विसरलो, नाताळची गर्दी होती. नऊ दिवसांनी भरलं. व्याज झालं ८० रुपये. त्या ८० रुपयांसाठी बायकोने ऐकवलं ते वेगळं, त्याचा दर पोर्टलवर नाही.

फणस_काका
असेल. आमच्या वेळी व्हॅटमध्ये असं नव्हतं. पण एक सांगतो, ते आयएफएफ तरी सक्तीचं आहे, १३ तारखेपर्यंत बिलं टाकावीच लागतात.

घाटावरचा
काका, ते पण सक्तीचं नाही. पण आमच्यासारख्यांकडून ते सक्तीचं होतं 🙂

मी कोल्हापुरात सुक्यामेव्याचा होलसेल व्यापारी. वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्गाकडून गर घेतो. माझं रिटर्न महिन्याचं. समोरच्याने ऑगस्टची बिलं १३ सप्टेंबरपर्यंत आयएफएफमध्ये टाकली तर १४ तारखेला माझ्या टूबीत, म्हणजे क्रेडिटच्या यादीत दिसतात आणि मला क्रेडिट मिळतं. नाही टाकली तर ती थेट ऑक्टोबरात, त्याच्या तिमाही रिटर्नबरोबर येणार. ९ लाखांच्या मालावर माझे ४५ हजार महिनाभर अडकतात. म्हणून मी सरळ सांगतो, बिल दिसेपर्यंत ५ टक्के रोखून धरणार. कुणाला राग येतो, पण माझाही धंदाच आहे.

बोंडू, तुम्ही टाकता का हो?

बोंडू
टाकतो. एकदा १४ तारखेला टाकायला गेलो तर खिडकी बंद. ती बिलं पुढच्या महिन्यात टाकली. तुमच्यासारख्याच एका व्यापाऱ्याने तेवढ्यासाठी दोन फोन केले.

जमाखर्च
१३ नंतर उघडत नाही, आणि महिन्याला ५० लाखांच्या वरची बिलं त्यात मावत नाहीत. आपल्याकडच्या कारखान्यांना ती मर्यादा क्वचितच आडवी येते. एक गैरसमज मात्र फार दिसतो. बिलं आयएफएफमध्ये टाकली म्हणजे कर भरला असं होत नाही, आणि चलन भरलं म्हणजे रिटर्न गेलं असंही नाही. दोन वेगळी कामं आहेत.

आगळ
मी रत्नागिरीजवळ कोकम आगळ आणि आमसुलं करते. मला महिन्याचं कुठलं पीएमटी चलन भरल्याचं आठवत नाही! मी तीन महिन्यांनी एकदाच कर भरते, १८ तारखेपर्यंत. माझा कर चुकला की काय? रात्री झोप येणार नाही आता.

जमाखर्च
ताई, झोपा. तुम्ही कॉम्पोझिशनमध्ये आहात, तुमचा सीएमपी-०८ वेगळा. तिथे महिन्याचं चलन नसतं.

आगळ
हुश्श. मग बोंडूभाऊंनी पण तेच घ्यावं ना. कटकट नाही.

घाटावरचा
ताई, मग मी त्यांच्याकडून माल घेणार नाही. कॉम्पोझिशनवाला बिलात कर लावू शकत नाही आणि मला क्रेडिट मिळत नाही. तुमचं आगळ गिऱ्हाईक घरी नेतं, त्यांचा गर माझ्यामार्फत पुढे जातो. दोघांचं गणित वेगळं.

दर्यावर्दी
आगळ गिऱ्हाईक घरी नेता, आणि जीएसटीचो कागद वाचलो की पित्त होता तेका परत आगळच लागता.

बोंडू
😄 पण मंडळी, माझ्या १ लाख ४० हजारांचं काय? परत मागता येतात का?

जमाखर्च
येतात. कॅश लेजरमधली जादा शिल्लक आरएफडी-०१ अर्जाने परत मागता येते. थ्रीबी भरून झाल्यावर करा. त्याआधी तो पैसा तिमाहीच्या करासाठीच धरून ठेवायचा असतो.

पण घाई करण्याआधी पुढची तिमाही मांडून बघा. थ्रीबी भरल्यावर क्रेडिट उरेल २० हजार. ऑक्टोबर ते डिसेंबर किती विकाल?

बोंडू
दिवाळी धरून ३० लाख सहज. ऑक्टोबरातच १४ लाख होतील. बी मात्र काही नाही, घ्यायची ती फेब्रुवारी-मार्चनंतरच.

जमाखर्च
मग कर दीड लाख, वजा २० हजार क्रेडिट, राहिले १ लाख ३० हजार. तुमचे पडून असलेले १ लाख ४० हजार तिथेच लागतील, १० हजार उरतील. परताव्याच्या मागे धावण्यापेक्षा ते असू द्या. अकाउंटंटचं एवढं म्हणणं मला मान्य आहे. ऑगस्टात लेजर न बघता चलन काढलं, ते नाही.

आणि गंमत बघा. या तिमाहीत तुमचा रोख कर शून्य, सगळा क्रेडिटमधून. त्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरसाठी ३५ टक्क्यांचा आकडा शून्य येईल. म्हणजे वर्षातला विक्रीचा सगळ्यात मोठा महिना, आणि चलन शून्य.

फणस_काका
हे मात्र मला पटत नाही. १४ लाख विकायचे आणि शून्य भरायचं? नोटीस येईल.

जमाखर्च
काका, ३५ टक्क्यांची पद्धतच अशी आहे, मागे बघून पुढचं ठरवते. सपाट धंद्यात चालते. कोकणात हंगाम आला की एकदा फार जास्त घेते, एकदा फार कमी. कमी घेते तेव्हा ते तुमच्या फायद्याचंच, पण २२ जानेवारीला सगळी रक्कम एकदम भरावी लागेल, तेव्हा ती हातात असली पाहिजे. ज्याने दिवाळीचा पैसा सुपारीच्या बागेत घातला त्याला जानेवारीत घाम फुटतो. असे दोघं दरवर्षी माझ्याकडे येतात. मग थ्रीबी उशिरा जाते, आणि तिथे काकांची दिवसाला ५० रुपयांची लेट फी खरी होते, शिवाय व्याज.

खारा_वारा
माझं पण तसंच होतं. जुलै-सप्टेंबरचा कर नगण्य, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चलन हजार-दोन हजारांचं. तेव्हा मी ३५ टक्के घेतो. पावसाळ्यात स्वतःचा हिशेब, दिवाळीत ३५ टक्के. ताई, हे असं उड्या मारणं चालतं ना?

जमाखर्च
चालतं. दोनपैकी कुठल्याही महिन्यात कुठलीही पद्धत घ्या. होमस्टेला तर सोपं आहे, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्के आणि क्रेडिट नाही, त्यामुळे लेजर बघायची भानगड नाही. विक्री गुणिले पाच टक्के, संपलं.

बोंडू, तुमच्यासाठी खरी परीक्षा एप्रिल-मेची. समजा जानेवारी-मार्चमध्ये थोडी बी घेऊन रोख ६० हजार गेले. मग एप्रिलचं ३५ टक्के चलन २१ हजारांचं. पण एप्रिलात तुम्ही २० लाखांची बी उचलली तर एका महिन्याचा रिव्हर्स चार्जच १ लाख. स्वतःचा हिशेब धरलात तर तो १ लाख पूर्ण रोख, क्रेडिटमध्ये कितीही पडलेलं असो, कारण रिव्हर्स चार्ज क्रेडिटमधून फिटत नाही. "क्रेडिट आहे, मग काही भरायला नको" हा जुलैचा नियम तिथे लावलात तर व्याजात पडाल. तेव्हा २१ हजारांचं ३५ टक्के चलन २५ मेपर्यंत भरायचं, आणि उरलेले ७९ हजार २२ जुलैपर्यंत बी घ्यायला वापरायचे.

बोंडू
हे आधी कळलं असतं तर मेमध्ये बाजारभाव पडला तेव्हा आणखी बी उचलली असती. मी तेव्हा उलट केलं. मेमध्ये स्वतःचा हिशेब करून पूर्ण रोख भरले आणि ऑगस्टात ३५ टक्के.

दर्यावर्दी
भर पावसात जाळा सुकत घातलंस आणि उन्हात गुंडाळून ठेवलंस. माका आता बरोबर समाजला.

घाटावरचा
एक शंका. जुलैत स्वतःचा हिशेब करताना जुलैच्या खरेदीचं क्रेडिट कसं धरायचं? माझ्या एका पुरवठादाराला तिमाहीची टूबी तीन महिन्यांनी एकदाच मिळते. मग जुलैचा आकडा बघायचा कुठे?

जमाखर्च
हो, तिमाहीवाल्यांना मधल्या दोन महिन्यांची टूबी आता तयार होत नाही. टूएमध्ये बिलं दिसतात, त्यावरून अंदाज बांधणारे आहेत. मी माझ्या लोकांना फक्त लेजरमध्ये आधीच पडलेलं क्रेडिट धरायला सांगते, नव्या खरेदीचं नाही. थोडं जास्त भरलं जातं, पण पुरवठादाराने बिल टाकलंच नाही तर आपण उघडे पडत नाही. माझ्याच शेजारचे एक सीए नेमकं उलट सांगतात, आणि त्यांचेही लोक सुखात आहेत.

फणस_काका
बघा, म्हणजे तुमच्यातही एकमत नाही.

जमाखर्च
काका, तेवढं सोडून बाकी सगळ्यात आहे 🙂

आगळ
मला यातलं निम्मं कळलं. पण बोंडूभाऊ, पाकळी आणि कणी किरकोळीत विकता का? दिवाळीला चिवड्यात घालायला पाहिजे होती.

बोंडू
विकतो ताई, विपू करा. कर लावून बिल देईन 😄

बोंडू
(नोव्हेंबरच्या २४ तारखेचं)
मंडळी, धागा वर काढतोय. थ्रीबी २२ ऑक्टोबरच्या आत गेली होती. आज ऑक्टोबरचं चलन बघायला बसलो. ३५ टक्के निवडलं, रक्कम शून्य. अकाउंटंटना दाखवलं तर म्हणाले, सर्व्हर गंडला असेल, उद्या परत बघू. मग त्यांना हाच धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "असेल, पण तरी पाच हजार टाकून ठेवू." नाही टाकले.

आता एक नवीन प्रश्न. गावात एक जण शेतकऱ्यांकडून बी गोळा करून मला देतो. त्याची स्वतःची बाग नाही आणि जीएसटी नंबरही नाही. त्याच्याकडच्या बीवर मी रिव्हर्स चार्ज भरत आलोय. भरायचा का?

फणस_काका
भरायचाच.

जमाखर्च
काका, नियमात शब्द शेतकऱ्याचा आहे, गोळा करणाऱ्याचा नाही. माझ्या वाचण्याप्रमाणे त्याच्याकडच्या मालावर रिव्हर्स चार्ज बसत नाही. पण तो खरंच स्वतःच्या नावावर विकतो, की फक्त शेतकऱ्यांचे पैसे पोचवतो, हे बघावं लागेल. पावती कुणाच्या नावाची करता तुम्ही?

बोंडू
कधी त्याच्या, कधी शेतकऱ्याच्या. ज्याचं नाव त्या दिवशी आठवेल त्याच्या.

जमाखर्च
मग आधी पावत्यांची पिशवी घेऊन या. चिपळूणला.